छापील बजेटमधले वीस हजार कुठे गेले? लाख-कोटींचे स्वल्पविराम आणि राउंडिंगचा एकच नियम

आमच्या सोसायटीचं वार्षिक अंदाजपत्रक यंदा मी फोनवर गूगल शीट्समध्ये तयार केलं आणि प्रिंट काढून सभेत वाटलं. पाचच मिनिटांत एका काकांनी मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढून बेरीज केली आणि विचारलं, "वरच्या रकमा मिळून ११.४ लाख होतात. खाली ११.६ लिहिलंय. मधले वीस हजार कुठे गेले?"

पैसे कुठेच गेले नव्हते. चूक राउंडिंगची होती, म्हणजे माझी. पण छापलेल्या कागदावर बेरीज जुळली नाही की लोकांना आधी संशय येतो, मग स्पष्टीकरण ऐकू येतं. त्या दिवशी काय चुकलं आणि आता मी काय करतो, ते सांगतो.

आधी स्वल्पविराम

आपल्याकडे उजवीकडून पहिले तीन अंक सोडून स्वल्पविराम येतो, त्यानंतर दर दोन अंकांनी: ११,६०,७५०. शीटने साध्या फॉरमॅटमध्ये हीच रक्कम १,१६०,७५० अशी दाखवली, तर वाचणारा अडखळतो. लाख कुठे संपले आणि हजार कुठे सुरू झाले, हे त्याला अंक मोजून शोधावं लागतं.

मूळ रक्कम B2 मध्ये असेल, तर शेजारच्या रकान्यात हे सूत्र टाका. फोनवरही चालतं:

```
=TEXT(ROUND(B2,0),"[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0")
```

यात अर्धविरामांनी पाडलेले तीन भाग आहेत. रक्कम एक कोटी किंवा जास्त असेल तर पहिला भाग लागू होतो, एक लाख किंवा जास्त असेल तर दुसरा, आणि उरलेल्या सगळ्यांना तिसरा. सुरुवातीचा ROUND मुद्दाम घातलाय. ९९,९९९.६० ही रक्कम अजून लाखाच्या खाली आहे, म्हणून ती तिसऱ्या भागात जाते आणि दाखवताना राउंड होऊन १००,००० अशी दिसते. आधीच राउंड केली की ती नीट १,००,००० छापली जाते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. TEXT मधून बाहेर पडतो तो आकडा नसतो, मजकूर असतो. त्या रकान्याची SUM केली तर उत्तर शून्य येतं. म्हणून बेरीज नेहमी मूळ रकान्याची करायची आणि TEXT फक्त छापण्यासाठी ठेवायचं. दुसरं म्हणजे वजा रकमा. त्या लाखापेक्षा लहानच ठरतात, म्हणून तिसऱ्या भागात जातात आणि -२५०,००० अशा दिसू शकतात. मी वजा चिन्ह टाळतो, 'तूट' अशी वेगळी ओळ करून तिथे रक्कम अधिकमध्ये लिहितो.

कॉम्प्युटर हाताशी असेल तर TEXT ची गरजच नाही. Format → Number → Custom number format मध्ये अवतरणचिन्हांमधला तेवढाच भाग टाका. मग आकडा आकडाच राहतो, फक्त दिसतो वेगळा.

आता वीस हजारांची गोष्ट

कागद सुटसुटीत दिसावा म्हणून मी सगळ्या रकमा लाखांत, एका दशांश स्थळापर्यंत छापल्या होत्या:

| बाब | मूळ रक्कम (₹) | छापलेली (₹ लाख) |
|---|---|---|
| सुरक्षारक्षक | ४,३४,४०० | ४.३ |
| पाणी | २,४४,३०० | २.४ |
| वीज | १,९४,४५० | १.९ |
| लिफ्टची देखभाल | १,१४,२०० | १.१ |
| साफसफाई | १,७३,४०० | १.७ |
| एकूण | ११,६०,७५० | ११.६ |

छापलेल्या पाच आकड्यांची बेरीज ११.४ येते. प्रत्येक ओळीत तीन-चार हजार खाली गेले आणि पाचही ओळी एकाच दिशेला झुकल्या. शीटने एकूण मात्र मूळ रकमांवरून काढली होती, त्यामुळे ती बरोबर होती.

मग एकूण ११.४ छापली असती तर? कागदावर बेरीज जुळली असती, पण वर्गणी चुकली असती. आमच्याकडे ४० फ्लॅट आहेत. खऱ्या रकमेवरून प्रत्येकी वर्षाला २९,०१८.७५ रुपये येतात, ११.४ लाखांवरून २८,५००. वर्षअखेरीस २०,७५० रुपये कमी पडले असते. म्हणून एकूण रक्कम कधीही राउंड केलेल्या आकड्यांवरून काढू नका.

दोन दशांश स्थळं घेतली तर? तेव्हा ओळींची बेरीज ११.५९ येते आणि एकूण ११.६१. फरक वीस हजारांवरून दोन हजारांवर येतो, पण पूर्ण जात नाही.

मी ठरवलेला नियम

एक, अख्ख्या तक्त्यात एकच एकक. केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पात आकडे कोटींत असतात, कारण तिथल्या रकमाच तेवढ्या मोठ्या असतात. सोसायटीसारख्या छोट्या बजेटला सरळ पूर्ण रुपये छापावेत. ए-फोर कागदावर जागा भरपूर असते आणि बेरीजही जुळते, मात्र मूळ नोंदींतच पैसे ठेवू नका. लाखांत छापायचंच असेल तर वर 'रक्कम ₹ लाखांत' असं लिहा.

दोन, राउंडिंग मूळ रकमेवरून एकदाच. २,४४,६०० घ्या. आधी दोन स्थळांना राउंड केलं तर २.४५ होतात, आणि तेच पुन्हा एका स्थळाला राउंड केलं तर २.५. मूळ रकमेवरून थेट केलं तर मात्र २.४ येतात. एका ओळीत दहा हजारांचा फरक! सूत्र एवढंच:

```
=ROUND(B2/100000,1)
```

नेमका अर्धा आला, उदाहरणार्थ २,४५,०००, तर ROUND वर जातं: २.५. हा नियम सगळ्या ओळींना सारखाच लावा. सोयीप्रमाणे एखादी रक्कम हाताने वर-खाली करू नका.

तीन, एकूण मूळ रकमांची, आणि राउंड सर्वांत शेवटी:

```
=ROUND(SUM(B2:B6)/100000,1)
```

आणि तक्त्याखाली एक ओळ: 'रकमा राउंड केल्यामुळे बेरजेत किरकोळ फरक दिसू शकतो.'

फरक राउंडिंगचा की खरी चूक?

हे तपासायला सोपा हिशेब आहे. राउंडिंगमुळे प्रत्येक ओळ शेवटच्या स्थळाच्या जास्तीत जास्त अर्ध्याने हलते, आणि एकूणही तेवढीच. म्हणजे ओळींच्या संख्येत एक मिळवा आणि निम्मं करा. आमच्याकडे पाच ओळी, अधिक एक, म्हणजे सहा. त्याचे निम्मे तीन. शेवटचं स्थळ ०.१ लाखाचं, म्हणून मर्यादा ०.३ लाख, तीस हजार. आमचा फरक वीस हजारांचा होता, म्हणजे मर्यादेत. चाळीस हजार आला असता तर राउंडिंगकडे बोट दाखवता आलं नसतं. एखादी ओळ सुटली आहे किंवा आकडा चुकीचा टाकला आहे, असं समजून शोधावं लागलं असतं. मर्यादेत असूनही चूक असू शकते, म्हणून मूळ रकान्याची बेरीज एकदा पाहाच.

पुढच्या सभेला मी पूर्ण रुपयांतला कागद नेला. काकांनी पुन्हा कॅल्क्युलेटर काढला, बेरीज केली आणि काही न बोलता खिशात ठेवला.