कराराच्या दिवशी नकार द्यावा लागला तर

घर पसंत पडते, भाडे ठरते, टोकन दिले जाते आणि शनिवारी सायंकाळी ६ वाजता करारावर अंगठे देण्याचे निश्चित होते. नेमक्या त्याच सकाळी नोकरीतील बदलीचा आदेश हाती येतो. अशा वेळी घरमालकाला नकार द्यावाच लागतो. तो कोणत्या वेळी आणि कोणत्या शब्दांत दिला, यावर पुढील संबंध टिकतात.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार घरमालकावर आहे. आता बहुतेक करार ऑनलाइन होतात. एजंट आधी दोन्ही बाजूंची माहिती भरतो, मग मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्काचे चलन भरले जाते, त्यानंतर बोटांचे ठसे व छायाचित्र घेतले जाते आणि शेवटी दस्त दुय्यम निबंधकाकडे जातो. नकार चलन भरण्यापूर्वी कळला तर नुकसान केवळ वेळेचे होते. चलन भरल्यावर कळला तर पैसेही अडकतात. न वापरलेल्या मुद्रांक शुल्काच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो, पण त्या खटपटीचा भार घरमालकावर पडतो. म्हणून निर्णय पक्का होताच, सायंकाळची वाट न पाहता, फोन करावा.

पहिला फोन घरमालकालाच करावा. एजंटकडून किंवा घर सुचवणाऱ्या परिचिताकडून बातमी कळली, तर त्यांना ती अवहेलना वाटते. नुसता संदेश पाठवूनही भागत नाही. बोलणे थोडक्यात असावे: “काका, माझी बदलीची ऑर्डर आज सकाळी आली. आम्हाला हे घर घेता येणार नाही. तुम्ही आजपासून दुसऱ्यांना घर दाखवायला मोकळे आहात. तुमचा झालेला खर्च आम्ही देऊ.” घर घ्यायचेच नसेल तेव्हा ‘करार पुढच्या आठवड्यात करू’ असे संकोचाने म्हणणे सर्वांत घातक ठरते. त्या शब्दावर विसंबून घरमालक इतरांना नकार देत राहतात. आठ दिवसांनी खरे कळले की त्यांना राग नकाराचा येत नाही, झुलवत ठेवल्याचा येतो.

आता पैशांचे पाहू. भाडे २२,००० रुपये, अनामत ६०,००० आणि मुदत ११ महिने असे धरू. टोकन १०,००० रुपयांचे दिले असून घर सहा दिवस आपल्यासाठी राखून ठेवले होते. दिवसाचे भाडे सुमारे ७३० रुपये पडते, म्हणजे सहा दिवसांचे सुमारे ४,४००. चलन भरून झाले असेल, तर शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० आणि मुद्रांक शुल्क सहा-सातशे, असे मिळून सुमारे १,७०० रुपये होतात. एकूण ६,१०० रुपये. ही रक्कम टोकनातून वजा करून उरलेले ३,९०० परत करावेत, असे आपणच सुचवावे. टोकन देताना लेखी अट ठरली असेल, तर तीच पाळावी. काही घरमालक हिशेब ऐकून केवळ चलनाचे पैसे ठेवतात. ते त्यांच्या मनावर सोडावे. सगळे टोकन हक्काने परत मागितले, तर सहा दिवस घर अडवून धरल्याची किंमत त्यांनीच सोसावी, असा त्याचा अर्थ होतो.

फोननंतर हेच दोन ओळींत लिहून पाठवावे, मग एजंटला कळवावे. इथे एक बाब अवश्य विचारावी. ठसे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी द्यावे लागत नसल्याने घरमालकांनी सकाळीच अंगठा दिलेला असू शकतो. तसे असेल, तर दस्त पुढे सादर करू नये, असे एजंटला दोघांनीही लेखी सांगावे. आपला ठसा दिलेला नसेल, तोवर करार पुरा होत नाही. दोघांचे ठसे होऊन दस्त नोंदला गेला असेल, तर मात्र ही केवळ भेट रद्द करण्याची गोष्ट राहत नाही. मग करारात लिहिलेली नोटिशीची मुदत, बहुधा एक महिना, आणि लॉक-इनची अट लागू होते.

घर ओळखीतून मिळाले असेल, तर मध्यस्थ परिचितालाही त्याच दिवशी कळवावे. आपल्यासाठी त्यांनी शब्द टाकलेला असतो. कार्यालयातील एखादे कुटुंब घराच्या शोधात असल्यास, त्यांना विचारून त्यांचा क्रमांक घरमालकांना द्यावा. रिकाम्या घराला लवकर भाडेकरू मिळाला, तर आपल्या नकाराचा सल फार दिवस राहत नाही.