लोगोच्या कडेची पांढरी रेघ

दोन कंपन्या एक झाल्या, नाव बदललं किंवा नुसतंच नवं बोधचिन्ह आलं, की जुन्या पीपीटींमधला लोगो बदलण्याचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं. लोगो स्लाइड मास्टरमध्ये नीट बसवलेला असेल तर ते सोपं असतं. `View` मधून `Slide Master` उघडायचा, लोगोवर उजवं क्लिक करून `Change Picture` निवडायचं, की त्या मास्टरवरच्या सगळ्या स्लाइडचा लोगो बदलतो. पण पुष्कळदा मूळ फाइल हरवलेली असते. हातात असतं ते स्लाइडचं सपाट चित्र, आणि जुना लोगो त्यातच मुरलेला. त्यात नवा लोगो येतो व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे पांढऱ्या चौकोनावरचा जेपेग. जेपेगमध्ये पारदर्शकता नसतेच. पाठवणाऱ्याकडे पारदर्शक पीएनजी असली, तरी फोटो म्हणून पाठवताना ती नाहीशी होते. म्हणून आधी तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी. कंपनीच्या माहितीपत्रकाची पीडीएफ मिळाली तर आणखी चांगलं. तिच्यात लोगो बहुधा रेषांच्या रूपात असतो आणि इंकस्केपमध्ये उघडून हव्या त्या आकारात काढून घेता येतो.

दोन्ही मिळालं नाही असं धरू. स्लाइड गडद निळी आहे, नवा लोगो पांढऱ्यावर लाल. पॉवरपॉइंटमधलं `Set Transparent Color` वापरून पांढऱ्यावर क्लिक केलं, पांढरं गेलं, पण लोगोभोवती फिकट, करवतीच्या दात्यांसारखी रेघ उरली. लॅपटॉपवर ती नजरेआड होते. सभागृहातल्या पडद्यावर ती लपत नाही.

ही रेघ कुठून येते ते थोड्या आकड्यांत कळतं. संगणक प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन घटकांत, 0 ते 255 मध्ये मोजतो. आपला लाल धरू (200, 30, 40) आणि स्लाइडचा निळा (10, 30, 80). लोगोची वळणं गुळगुळीत दिसावीत म्हणून कडेचे पिक्सेल निम्मेअर्धे रंगवलेले असतात. अर्धा लाल आणि अर्धा पांढरा मिळून होतो साधारण (228, 143, 148), म्हणजे गुलाबी. `Set Transparent Color` फक्त तुम्ही टिचकी मारलेला रंग काढतं. गुलाबी हा त्याच्या लेखी वेगळा रंग असल्याने तो तसाच, पूर्ण अपारदर्शक राहतो. निळ्यावर तीच आपली रेघ.

नुसत्या हिरव्या घटकाकडे बघितलं तरी पुरे. लोगोत तो 30, स्लाइडमध्येही 30, मग त्यांच्या मधल्या कडेतही तो 30च हवा. आपल्याकडे 143 झाला. आता एखादं चांगलं बॅकग्राउंड काढणारं साधन त्या पिक्सेलला अर्धं पारदर्शक करतं, पण रंग गुलाबीच ठेवतं. तेव्हा हिरवा येतो सुमारे 87. रेघ पुसट झाली, गेली नाही. कडेच्या पिक्सेलमधला पांढरा वजा करून त्याला त्याचा मूळ लाल परत द्यावा लागतो. पारदर्शकता आणि रंग वेगवेगळे ठेवण्याची ही कल्पना जुनी आहे: थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी 1984 मध्ये लुकासफिल्ममध्ये असताना असे थर एकमेकांवर चढवण्याचं गणित मांडलं, आणि 1996 मध्ये प्रमाणित झालेल्या पीएनजीत प्रत्येक पिक्सेलच्या तीन रंगांबरोबर पारदर्शकतेचा चौथा आकडा ठेवण्याची सोय आहे.

फुकट मिळणाऱ्या जिम्पमध्ये `Color to Alpha` नावाची सोय हे वजाबाकीचं काम करते, आणि बरेच जण तिथेच थांबतात. तिची एक खोड आहे. शक्य तितकं पांढरं काढून घेताना ती लोगोचा भरीव भागही थोडा पारदर्शक करते. आपल्या लालाची अपारदर्शकता 88 टक्क्यांवर येते, आणि निळ्या स्लाइडवर ठेवल्यावर तो लाल काळपट दिसतो. त्याच खिडकीतला `Opacity threshold` कमी करून हे बरंचसं सावरता येतं, पण कंपनीचा रंग नेमका हवा असेल तर एकरंगी लोगोसाठी मला दुसरी वाट जास्त पटते.

लोगोच्या चित्रातून रंग घ्यायचाच नाही, फक्त आकार घ्यायचा. `Colors` खालच्या `Components` मध्ये `Extract Component` आहे. तिथून हिरवा घटक निवडायचा, कारण पांढऱ्या-लालातला सगळ्यात मोठा फरक त्यात आहे, 255 ते 30. चित्र काळं-पांढरं होतं. मग `Levels` मध्ये 30 ला पूर्ण काळं करायचं. पांढऱ्याचं टोक मात्र 255 वर न ठेवता 248च्या आसपास आणायचं, कारण जेपेगमध्ये कडेजवळचा पांढरा कधीच स्वच्छ नसतो, त्यात धुरकट ठिपके असतात. `Invert` केलं की लोगो पांढरा आणि बाकी काळं. आता `Add Layer Mask` मध्ये `Grayscale copy of layer` निवडायचं, मास्कवरून परत लेयरवर यायचं आणि तो अख्खा लेयर नेमक्या लालाने भरायचा. कुठल्याही पिक्सेलमध्ये गुलाबी उरलाच नाही. पीएनजी साठवताना पारदर्शक पिक्सेलचे रंग राखून ठेवण्याची खूण करावी. काही प्रोग्रॅम चित्र लहान करताना अदृश्य पिक्सेलचा रंगही कडेत मिसळतात, आणि तिथे लाल असला तर बिघडत नाही. दोन-तीन रंगांच्या लोगोत हेच काम प्रत्येक रंगासाठी वेगळं करावं लागतं. सावली किंवा रंगछटा असलेल्या लोगोला मात्र हा उपाय नाही. तिथे मूळ फाइलच मिळवावी.

स्लाइडवरचा जुना लोगो काढताना ब्रशने निळा फासायचा मोह आवरावा. पार्श्वभूमी वरून खाली गडद होत जात असेल, तर एका आडव्या ओळीत रंग सारखाच असतो. म्हणून लोगोच्या बाजूचा, त्याच उंचीवरचा तुकडा उचलून सरळ आडवा सरकवला की तो बेमालूम बसतो. तुकडा लोगोपेक्षा चारही बाजूंनी आठ-दहा पिक्सेल मोठा घ्यावा. जेपेग चित्र 8×8च्या चौकोनांत दाबतं, त्यामुळे जुन्या कडेची घाण थोडी बाहेरही पसरलेली असते. स्लाइडवरचं चित्र स्वतःच पारदर्शक पट्टी असेल तर झाकायचं नाही, खोडरबराने पारदर्शकतेपर्यंत पुसायचं.

मग नवा लोगो एकदाच, मोठ्यावरून लहान करून बसवायचा. खातरजमा दोन ठिकाणी करतात. लोगोच्या लेयरखाली आलटून पालटून काळा, पांढरा आणि भडक हिरवा भरून चित्र चारपट मोठं करून पाहायचं. फिकट झालर काळ्यावर दिसते, गडद झालर पांढऱ्यावर. जिथे जुना लोगो होता तिथे `Levels` ने कॉन्ट्रास्ट बेसुमार वाढवला, की राहिलेला चौकोन भुतासारखा उमटतो. पाहून झालं की बदल मागे घ्यायचा.

तेच चित्र बऱ्याच स्लाइडवर असेल तर प्रत्येक ठिकाणी बदलायची गरज नाही. `.pptx` ही झिप फाइलच असते. प्रत काढून तिचं नाव `.zip` करायचं, `ppt/media` या फोल्डरमधली जुनी पीएनजी काढून त्याच नावाची, तितक्याच पिक्सेलची नवी ठेवायची, आणि नाव परत `.pptx` करायचं. जुनी फाइल `.jpg` असेल तर मात्र नुसतं नाव बदलून पीएनजी तिथे ठेवू नये. अशा वेळी एका स्लाइडवर `Change Picture` करून ती स्लाइड तपासावी आणि मग बाकीच्या कराव्यात.