घडीचे दार का घासते?

बाल्कनीच्या घडीच्या दाराचे पल्ले बिजागऱ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. त्यांचे वजन वर टांगायचे की खाली पेलायचे, हा पहिला प्रश्न. 3 मीटर रुंद, 2.2 मीटर उंच अशा चार पल्ल्यांच्या दाराचा हिशेब करू. 8 मिमी काच चौरस मीटरला 20 किलो भरते. एका पल्ल्याची काच 33 किलो, ॲल्युमिनियमच्या चौकटीसह साधारण 40. सगळे दार 160 किलोंचे.

टांगत्या दाराचा सगळा भार वरच्या ट्रॅकमधल्या चाकांवरून बीमवर जातो. खालची खाच पल्ल्यांना फक्त वाट दाखवते, त्यामुळे तिथे थोडी धूळ साचली तरी दार हलके सरकते. परीक्षा असते ती बीमची. आयएस 456 या भारतीय मानकानुसार भिंती आणि फिनिशिंग झाल्यावर काँक्रीटचा बीम गाळ्याच्या साडेतीनशेव्या भागाइतका वाकू शकतो. 3 मीटरला हे साडेआठ मिमी होतात. दाराखाली फट 5 मिमीच ठेवली असेल, तर बीम पूर्ण सुरक्षित असूनही दार मधोमध घासू लागेल. शिवाय कायमच्या भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षे थोडे थोडे वाकतच राहते.

वरच्या बीमचा भरवसा नसेल, विशेषतः जुन्या इमारतीत, तर खालच्या ट्रॅकवर चालणारे दार बरे. वजन उंबरठ्यावर येते. मात्र वरच्या मार्गदर्शक पट्टीत वर-खाली थोडी मोकळीक हवी, नाहीतर वाकलेला बीम पल्ल्यांवरच बसतो. या दाराचा शत्रू म्हणजे वाळूचा कण: चाकाखाली तो भरडला जाऊन ट्रॅकला चरे पाडतो. पावसाळ्यापूर्वी ट्रॅक ब्रशने झाडावा आणि पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करावीत.

दार घासू लागले की आधी ओरखडा कुठे आहे ते पाहावे. मधल्या पल्ल्यांखाली असेल तर बीमला दोरी लावून बाक तपासावा. एकाच पल्ल्याचा बिजागरीपासून दूरचा कोपरा टेकत असेल, तर त्या पल्ल्याचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. त्यांत फरक निघाला तर पल्ला गुण्यातून गेला आहे. बहुतेकदा काचेचे पॅकिंग सरकलेले असते. बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात एक आणि समोरच्या वरच्या कोपऱ्यात दुसरे पॅकिंग घट्ट बसवले, की काचच तिरक्या आधारासारखी चौकट उचलून धरते. काच काढून हे करायला दोन माणसे लागतात.

कर्ण सारखे असतील तरच टांगणीच्या बोल्टला पाना लावावा. 10 मिमीच्या नेहमीच्या बोल्टला एक पूर्ण फेरा दिला की पल्ला दीड मिमी उचलला जातो. अर्धा-अर्धा फेरा देत, दार बंद करून फटी पाहत जावे आणि शेवटी लॉकनट आवळावा. तो सैल राहिला तर दाराच्या रोजच्या हादऱ्यांनी पल्ला पुन्हा खाली येतो.