तळ सापडतो, पण उशिरा

शेअर बाजार कोसळला की माणसं सुतकातच जातात. एडविन कॉपॉक या अमेरिकी अभ्यासकाने 1962 मध्ये मांडलेल्या वक्राचा उगम तोच. दुःखातून सावरायला किती काळ लागतो, असं त्याने बिशपांना विचारलं. उत्तर आलं, 11 ते 14 महिने. तेच आकडे त्याने गणितात घेतले.

महिनाअखेरचा निर्देशांक 11 महिन्यांपूर्वीपेक्षा किती टक्के बदलला आणि 14 महिन्यांपूर्वीपेक्षा किती, हे काढून दोन्हींची बेरीज करायची. मग अशा शेवटच्या 10 बेरजांची भारित सरासरी: ताज्या महिन्याला 10 पट वजन, मागच्याला 9, असं उतरत 1 पर्यंत. वक्र शून्याखाली असताना वर वळला, की खरेदीचा इशारा.

एस अँड पी 500 चंच बघा. फेब्रुवारी 2009 अखेर तो 735 वर होता. 11 महिन्यांत 44.4 टक्के, 14 महिन्यांत 49.9 टक्के घट. बेरीज उणे 94 च्या आसपास. मार्चपासून बाजार चढू लागला, तरी जुन्या वाईट बेरजांच्या ओझ्याने वक्र एप्रिलमध्येही खालीच जात राहिला. तो वळला मेअखेर, निर्देशांक 919 वर असताना. म्हणजे फेब्रुवारीपेक्षा 25 टक्के महाग! माझ्या मते ही किंमत रास्त आहे.

मात्र 2001 च्या अखेरीस वक्र असाच वळला होता, निर्देशांक 1,148 च्या घरात असताना. ऑक्टोबर 2002 मध्ये तो 800 च्याही खाली गेला. शिवाय विक्री कधी करावी, हे हा वक्र सांगत नाही. कॉपॉकने तो केवळ खरेदीसाठी बनवला होता.