सरासरी वीस हजार, पण कुठल्याच पोस्टची नाही

ठाण्यात एक काकू घरी मसाले करून विकतात. त्यांचं इन्स्टाग्राम पेज माझी भाची सांभाळते. दर सोमवारी सकाळी आठ वाजता काकूंच्या मेलवर एक रिपोर्ट आपोआप येऊन पडतो. त्यात गेल्या तीस दिवसांतल्या पोस्टची सरासरी रीच असते, म्हणजे एकेक पोस्ट सरासरी किती वेगवेगळ्या खात्यांपर्यंत पोचली तो आकडा. भाचीनं गूगल शीटमध्ये ही व्यवस्था एकदा बसवून दिली होती. त्यानंतर तिकडे कुणी पाहिलं नव्हतं, पाहायची गरजही पडली नव्हती.

मग एका सोमवारी तिचा फोन आला. "मामा, रीच शहाण्णव टक्क्यांनी पडलीय. काकू विचारतायत, काय चुकलं?"

चुकलं काहीच नव्हतं. महिन्याभरापूर्वी एका बुधवारी गोडा मसाला भाजतानाचं एक रील टाकलं होतं. खमंग धूर, मागून सासूबाईंची टिप्पणी, एवढाच काय तो ऐवज. ते सुटलं ते २,४०,००० खात्यांपर्यंत गेलं. एरवी या पेजची पोस्ट हजारापर्यंत पोचली तरी डोक्यावरून पाणी. आधीच्या सोमवारच्या रिपोर्टमधल्या बारा पोस्ट अशा होत्या: ५४०, ५९०, ६२०, ६९०, ७१०, ७४०, ७७०, ८३०, ८८०, ९५०, १,०२० आणि २,४०,०००. बेरीज २,४८,३४०. बारानं भागा, सरासरी आली २०,६९५.

आता या बारा आकड्यांत वीस हजारांच्या आसपासचा एक तरी आकडा दिसतो का? अकरा पोस्ट हजाराच्या आगेमागे आहेत आणि एक थेट अडीच लाखांच्या उंबरठ्यावर. सरासरी जिथे उभी आहे तिथे चिटपाखरूही नाही.

रीचच्या बाबतीत हे वरचेवर होतं, कारण या आकड्याला खाली तळ आहे, वर छत नाही. शून्याच्या खाली कुणी जात नाही. पण एखादं रील फॉलो न करणाऱ्यांना सुचवलं जाऊ लागलं की ते नेहमीच्या तीनशेपट कुठेही जातं. सरासरीत प्रत्येक पोस्टचं वजन तिच्या आकड्याएवढं धरलं जातं, त्यामुळे एकटं रील इतर अकरांना ओढत नेतं.

दहावीच्या गणितात सांख्यिकीचं प्रकरण होतं, त्यात मध्य, मध्यक आणि बहुलक अशी तीन भावंडं होती. सरासरी म्हणजे मध्य. इथे हवा होता तो मध्यक. आकडे चढत्या क्रमानं लावायचे आणि बरोबर मधला उचलायचा. बारा आकडे असले तर मधले दोन येतात, सहावा नि सातवा, म्हणून त्या दोघांची सरासरी घ्यायची. ७४० आणि ७७०, म्हणजे ७५५. ते रील काढून टाकलं तर उरलेल्या अकरांचा मध्यक ७४० येतो. पंधराचा फरक. सरासरी मात्र २०,६९५ वरून थेट ७५८ वर येते.

पण भाचीचा फोन रील गाजलं तेव्हा आला नव्हता, हे लक्षात घ्या. तेव्हा सगळे खूश होते. रिपोर्टची खिडकी तीस दिवसांची, म्हणून ते रील चार सोमवार आत राहिलं आणि चारही वेळा सरासरी फुगलेली आली. पाचव्या सोमवारी ते खिडकीतून बाहेर पडलं, सोबत ५४० आणि ६२० या पोस्टही गेल्या. त्यांच्या जागी ९८०, १,०४० आणि ८६० आल्या. म्हणजे पेजचा आठवडा चांगला गेला होता! तरी सरासरी ८३८ झाली आणि मेलमध्ये लाल अक्षरांत ९६ टक्के घट उमटली. त्याच दोन सोमवारांचा मध्यक पाहिला तर तो ७५५ वरून ८४५ वर गेला होता, १२ टक्के वाढ. एकच माहिती, आणि दोन रिपोर्ट एकमेकांकडे पाठ करून उभे.

शीटमध्ये आणखी एक नियमही होता: सरासरीच्या निम्म्याखाली गेलेल्या पोस्टवर लाल खूण करायची. २०,६९५ चं निम्मं दहा हजारांच्या वर. त्यामुळे १,०२० वाली, त्या महिन्यातली साध्या पोस्टपैकी सर्वांत चांगली, तीही लालच. चार आठवडे सगळंच लाल दिसल्यावर त्या खुणेकडे बघायचं कुणी सोडून दिलं असेल तर नवल नाही.

सूत्रातला बदल एका शब्दाचा आहे:

```
=AVERAGE(C2:C13)
=MEDIAN(C2:C13)
```

पण एवढ्यावर सोडलं तर नवे घोटाळे उभे राहतात. पहिला, रविवारी रात्री टाकलेल्या पोस्टचा. सोमवारी सकाळी आठला तिला बारा तासही झालेले नसतात, तिची रीच अजून चढते आहे. अशा कच्च्या पोस्ट मोजल्या की मध्यकही खाली ओढला जातो. म्हणून सात दिवस पुरे झालेल्याच पोस्ट घ्यायच्या. दुसरा घोटाळा जास्त फसवा आहे. समजा फोटो चारशेच्या आसपास पोचतात आणि रील दोन हजारांच्या. दोन्ही सारख्याच संख्येनं असले तर मध्यक येतो बाराशेच्या आसपास, आणि आपण पुन्हा जिथे कुणीच नाही अशा जागी. एक रील जास्त टाकलं की मध्यक एकदम वर उडी मारतो, कुठल्याही पोस्टमध्ये काही सुधारलेलं नसताना. तेव्हा फोटोंचा मध्यक वेगळा, रीलचा वेगळा. शीटमध्ये A रकान्यात तारीख, B मध्ये प्रकार आणि C मध्ये रीच असेल तर रीलसाठी असं:

```
=MEDIAN(FILTER(C2:C500,
  B2:B500="Reel",
  A2:A500<=TODAY()-7,
  A2:A500>TODAY()-37))
```

आणि कुणी हातानं आकडा भरताना फोनवर दिसतो तसाच "2.4L" असा लिहिला, तर शीट त्याला मजकूर समजतं आणि न बोलता वगळतं. पोस्ट बारा आणि `COUNT` अकरा दाखवत असेल तर हेच झालं आहे.

मध्यकाची एक खोट मात्र मान्य करायला हवी. ते रील दोन लाख चाळीस हजारांऐवजी चोवीस लाखांपर्यंत गेलं असतं तरी मध्यक ७५५ च राहिला असता. काकूंच्या दृष्टीनं ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. बारा पोस्टच्या रीचची बेरीज केली तर तिच्यातला जवळजवळ ९७ टक्के वाटा त्या एकाच रीलचा. (ही बेरीज म्हणजे तितकी माणसं नव्हेत. एकच खातं चार पोस्ट पाहिलेलं असतं आणि बेरजेत चारदा येतं.) मध्यक नेहमीची पोस्ट कशी चालली ते सांगतो, घबाड लागलं का ते सांगत नाही. म्हणून भाचीनं सर्वांत मोठ्या पोस्टची ओळ वेगळी ठेवली, आणि लाल खुणेचा नियम मध्यकाच्या निम्म्यावर आणला.

आता सोमवारच्या मेलमध्ये तीनच गोष्टी असतात: फोटोंचा मध्यक, रीलचा मध्यक, आणि "या महिन्यात सर्वांत पुढे" या शब्दांखाली एका पोस्टचं नाव नि आकडा. काकू तिसरी ओळ आधी वाचतात.