बरोबर वाटणारी चूक

दाताच्या दुखण्यासाठी डॉक्टर अनेकदा मेट्रोनिडाझोल लिहून देतात. मधुमेहावर सर्रास दिलं जाणारं औषध म्हणजे मेटफॉर्मिन. इंग्रजीत लिहिलं तर दोन्ही नावांची पहिली तीन अक्षरं सारखीच. औषधांच्या नावांतल्या गोंधळाच्या याद्या निघतात, त्यांत ही जोडी जुनी आहे. आता समजा, एका अंध बाईंच्या घरी या दोन्ही गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या आहेत. मेडिकलवाल्याने चार-चार गोळ्या कात्रीने कापून दिलेल्या. मागच्या चंदेरी पत्र्यावरचं नाव मधोमध कापलं गेलंय. बाई फोन काढतात, पट्टीचा फोटो घेतात आणि विचारतात, ही कुठली गोळी?

दहा वर्षांपूर्वी फोनमधलं अक्षरं वाचणारं ॲप अशा पट्टीवर जे दिसेल ते तसंच ओकायचं : “मेट… लेट्स आय. पी.… शून्य शून्य एमजी.” ऐकणाऱ्याला लगेच कळायचं की फोटो नीट आलेला नाही. आजचं चित्रवर्णन करणारं साधन तोच फोटो बघून शांत, स्वच्छ वाक्यांत सांगू शकतं : “ही मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम गोळ्यांची पट्टी आहे. हे औषध टाइप २ मधुमेहावर वापरलं जातं.” पट्टीवर दिसत होती फक्त तीन अक्षरं आणि दोन शून्यं. उरलेलं साधनाने स्वतःच्या पदरचं घातलं. पट्टी मेट्रोनिडाझोल ४०० ची असली, तरी वाक्य इतकंच ठाम ऐकू येईल.

माझ्या मते या साधनांच्या चुकांमध्ये सगळ्यात गंभीर चूक ही आहे. जी चूक कानाला चूक म्हणून खटकते, ती माणूस पकडतो. जी खटकत नाही, तिच्यावर विसंबून तो गोळी गिळतो.

ही साधनं इथवर कशी आली ते थोडक्यात सांगतो. २०११ मध्ये अमेरिकेत विझविझ नावाचं ॲप निघालं. अंध माणसाने फोटो काढायचा, प्रश्न बोलून विचारायचा आणि इंटरनेटवरची डोळस माणसं त्याचं उत्तर द्यायची. २०१५ मध्ये डेन्मार्कमधून ‘बी माय आइज’ आलं. त्यात व्हिडिओ कॉलवर एखादा स्वयंसेवक तुमच्या कॅमेऱ्यातून बघून सांगतो. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सीइंग एआय’ काढलं आणि वर्णनाचं काम यंत्राकडे गेलं. २०२३ मध्ये ‘बी माय आइज’मध्येच भाषा लिहिणारं मोठं मॉडेल जोडलं गेलं. तेव्हापासून वर्णनं लांब, ओघवती आणि खरोखर उपयोगी झाली. कपाटातला कुठला शर्ट कुठल्या पँटवर जाईल, वॉशिंग मशीनचं कुठलं बटण कुठे आहे, नातवाच्या फोटोत मागे काय दिसतंय, हे कुणाला हाक न मारता कळू लागलं. हा फायदा मी जराही कमी लेखत नाही.

पण ओघ जिथून येतो, चूकही तिथूनच येते. हे मॉडेल चित्र पाहतं आणि त्याला साजेसा मजकूर शब्दामागून शब्द रचत जातं. पुढचा शब्द ठरवताना चित्रात काय दिसतंय याच्याबरोबरच, आजवर वाचलेल्या मजकुरात या शब्दापुढे बहुधा काय येतं, हेही धरलं जातं. चित्र स्पष्ट असेल तर चित्राचा जोर चालतो. चित्र धूसर, कापलेलं किंवा चकाकणारं असेल तर सवयीचा जोर चालतो. ‘मेट’ या अक्षरांपुढे, गोळीच्या पट्टीवर, सगळ्यात सवयीचं नाव मेटफॉर्मिन. म्हणून तेच बाहेर पडतं.

त्यात अंध माणसाने काढलेला फोटो वेगळा असतो. या मॉडेलांना शिकवण्यासाठी वापरले गेलेले बहुतेक फोटो डोळस लोकांनी, नीट चौकट धरून काढलेले. विझविझच्या संशोधकांनी पुढे अंध लोकांनी काढलेले फोटो गोळा करून अभ्यासासाठी खुले केले. त्यांत वस्तू अर्धी चौकटीबाहेर, बोट भिंगावर, अंधार, तिरपा कोन, असं सगळं नेहमीचंच आहे आणि अनेक प्रश्नांचं खरं उत्तर ‘या फोटोवरून सांगता येत नाही’ एवढंच आहे. साधनाला नेमकं हेच उत्तर द्यायला जड जातं.

गुण देण्याची पद्धतही याला हातभार लावते. चित्रवर्णन कितपत चांगलं हे मोजायचे रूढ मार्ग यंत्राचं वाक्य माणसांनी लिहिलेल्या वाक्यांशी शब्दागणिक जुळवून पाहतात. तीस शब्दांच्या वर्णनात ‘निळा’ऐवजी ‘हिरवा’ आला तर जेवढे गुण जातील, साधारण तेवढेच ‘४००’ऐवजी ‘५००’ आला तरी जातील. पडद्याचा रंग चुकणं आणि गोळीची ताकद चुकणं हे त्या हिशेबात एकाच तोलाचं ठरतं.

ऐकणारा माणूस स्वतःच चूक ओळखेल, असं आपल्याला वाटतं. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह एक अभ्यास केला. अंध व्यक्तींना ट्वीट आणि त्यासोबतच्या चित्राचं यंत्राने केलेलं वर्णन ऐकवलं. मजकूर आणि वर्णन यांचा मेळ बसत नसला, तरी लोकांनी वर्णनावर विश्वास ठेवला आणि दोन्ही जुळावेत म्हणून मधला तपशील मनाने भरून काढला. हे भोळेपण नाही. ज्याला दुसरीकडून पडताळता येत नाही, तो हाती आलेल्या माहितीतूनच अर्थ लावणार, आणि आपण सगळे तसंच करतो. त्याच अभ्यासात असंही दिसलं की वर्णन चुकीचं असू शकतं हे वाक्यातच जोर देऊन सांगितलं, तर लोक विसंगतीचं खापर वर्णनावर फोडतात. म्हणजे शंका बोलून दाखवली तर उपयोग होतो. आजची गुळगुळीत वाक्यं नेमकी तीच शंका पुसून टाकतात.

मग कुठली चूक किती महत्त्वाची? मी दोन गोष्टी विचारतो : चूक कळेल कधी, आणि कळेपर्यंत काय होऊन गेलेलं असेल. मुंबईत बेस्टच्या बसच्या कपाळावर देवनागरी आकडे असतात आणि त्यांत १ आणि ९ एकमेकांच्या फार जवळचे. साधनाने १ चा ९ वाचला तर माणूस चुकीच्या बसमध्ये चढेल, पण कंडक्टरला विचारताच कळेल आणि पुढच्या स्टॉपवर उतरता येईल. वेळ जातो, मनस्ताप होतो, पण चूक उघडी पडते. नोटेचं तसं नाही. नव्या मालिकेतली २०० ची नोट १४६ मिलिमीटर लांब आणि ५०० ची १५०, रुंदी दोन्हींची ६६. बोटांना चार मिलिमीटरचा फरक ओळखायचा असतो, आणि काठावरच्या उठावाच्या रेषा वापरून झिजतात. इथे चूक झाली तर नोट समोरच्याच्या हातात गेलेली असते. म्हणून रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये ‘मनी’ हे ॲप काढलं, ते मला या कामासाठी योग्य वाटतं. ते एकच काम करतं, नोट किती रुपयांची आहे ते सांगतं. इंटरनेट लागत नाही आणि मजकूर रचायचा प्रश्नच येत नाही. नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही.

गोळी या दोन्हींहून पुढची. चूक कळायला दिवस लागू शकतात आणि कळते ती प्रकृतीवरूनच.

आणखी एक प्रकार आहे, त्याची चर्चा कमी होते : न सांगितलेली गोष्ट. गोळीच्या पट्टीवर एक्सपायरीची तारीख बहुधा एका टोकाला असते. कधी ती शाईने न छापता पत्र्यावर दाबून उमटवलेली असते, आणि उजेड तिरपा पडला तरच दिसते. कापलेल्या पट्टीत ते टोक दुकानातच राहिलेलं असू शकतं. साधन नाव सांगतं, ताकद सांगतं, गोळ्यांचा रंगसुद्धा सांगतं आणि तारखेबद्दल गप्प राहतं. वर्णन इतकं भरगच्च असतं की ऐकणाऱ्याला वाटावं, सांगण्यासारखं सगळं सांगून झालं. पांढऱ्या कुर्त्यावरच्या हळदीच्या डागाचंही असंच होतं. ‘पांढरा कुर्ता, कॉलरवर भरतकाम’ हे वाक्य पूर्णपणे खरं आहे, आणि तो घालून माणूस लग्नाला जातो.

ही साधनं रोज वापरायची तर काही सवयी कामाला येतात. पहिली प्रश्नाची. “ही मेटफॉर्मिनच आहे ना?” असं विचारलं की साधन हो म्हणायकडे झुकतं, कारण उत्तर आपणच त्याच्या तोंडी घातलेलं असतं. त्याऐवजी “पट्टीवर जी अक्षरं स्पष्ट दिसतात तेवढीच वाच, जे दिसत नाही ते दिसत नाही असं सांग, पट्टी कुठे कापलेली आहे?” असं विचारावं. तारीखही वेगळी विचारावी. याने खात्री होत नाही, पण अंदाज आणि वाचन थोडं वेगळं होतं.

दुसरी पडताळणीची. तोच फोटो त्याच साधनाला पुन्हा दाखवून तेच उत्तर आलं, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण ज्या सवयीने पहिल्यांदा ‘मेट’चं मेटफॉर्मिन केलं ती दुसऱ्यांदाही तिथेच असते. वेगळ्या जातीचं साधन हवं. ‘सीइंग एआय’मध्ये नुसता मजकूर वाचायचा वेगळा पर्याय आहे. तो अडखळला, अर्धवट अक्षरं बोलला, तर वर्णनातलं पूर्ण नाव कुठून आलं हा प्रश्न उभा राहतो. इथे अडखळणंच उपयोगी पडतं.

तिसरा मार्ग कोडचा. ऑगस्ट २०२३ पासून आपल्याकडे ३०० ठरावीक ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. त्यात औषधाचं नाव, बॅच क्रमांक आणि एक्सपायरीची तारीख असावी लागते. कोड वाचला जातो किंवा वाचला जात नाही, अर्धा दिसला म्हणून तो दुसऱ्याच औषधाचं नाव सांगत नाही. अडचण अशी की पट्टीवर जागा नसेल तर कोड बाहेरच्या खोक्यावर छापायची मुभा आहे, आणि चार गोळ्या कापून घेणाऱ्याला खोकं मिळत नाही. युरोपीय संघात औषधाचं नाव ब्रेलमध्ये छापणं २००४ च्या निर्देशाने बंधनकारक केलं, तेही बाहेरच्या वेष्टनावरच.

तेव्हा अंध ग्राहकाने मेडिकलमध्ये पूर्ण पट्टी मागावी, आणि कापूनच द्यायची असेल तर नाव आणि तारीख असलेलं टोक आपल्याकडे यावं असा आग्रह धरावा. दुकानदाराला याला काही पैसे पडत नाहीत. साधनं बनवणाऱ्यांकडे माझी मागणी वेगळी आहे. कापलेल्या पट्ट्या, चुरगळलेल्या पावत्या, चकाकणारे पत्रे यांचे फोटो घेऊन त्यांनी एक चाचणी घ्यावी, ज्यात नाव ओळखल्याबद्दल गुण नसतील. गुण असतील ते, नाव दिसत नसताना ‘दिसत नाही’ म्हटल्याबद्दल. त्या चाचणीचे आकडे त्यांनी ॲपच्या माहितीत पहिल्या ओळीत छापावेत, म्हणजे बाईंना फोन उचलण्याआधी कळेल की गोळीसाठी तो वापरायचा की शेजारच्या दाराची बेल वाजवायची.