माळ्यावर की मळ्यावर?

गेल्या वडिलांच्या पुण्यतिथीस आमच्या घरी एक मौज झाली. माझे वडील बडोद्याच्या राजवाड्यात गवई होते. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते ऐन पंचविशीत होते, आणि मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. त्यांच्या आठवणी सांगू शकेल असे घरात आता एकच माणूस उरले आहे, ते म्हणजे शहाऐंशी वर्षांची आमची आई. पुतण्याने मोबाईलवर तिचे साडेतीन मिनिटांचे बोलणे टिपले, आणि ऐकू कमी येणाऱ्यांचीही सोय व्हावी म्हणून चित्राखाली तिचे शब्द लिहून ती फीत नातलगांस धाडली. शब्द मराठी, पण अक्षरे रोमन. मोबाईलवर आपापसांत लिहिताना आमची तरुण मंडळी तशीच लिहितात.

दुसऱ्या दिवशी इंदुरहून चुलतबहिणीचा फोन आला. "दादा, आपला मळा होता हे मला ठाऊकच नव्हते! काकांचा तंबोरा अजून तिथेच आहे का?" मी चकितच झालो. आई बोलली होती ते असे, "ह्यांचा तंबोरा मी माळ्यावर ठेवला आहे." पुतण्याने खाली लिहिले होते malyavar. बहीण फीत आवाज बंद करून पाहत होती. तिने वाचले "मळ्यावर", आणि आमच्या तीन खोल्यांच्या घरास बसल्या जागी शेतजमीन मिळाली!

हसून झाल्यावर मी ती फीत पुन्हा पाहिली. रोमन लिपीत आपण सहज लिहितो तेव्हा अ आणि आ यांना एकच अक्षर देतो. ट आणि त, ड आणि द, ण आणि न, ळ आणि ल यांचीही तीच गत. त्यामुळे tal या तीन अक्षरांत ताल, टाळ, तळ आणि ताळ असे चार शब्द दाटीने बसतात. आईच्या बोलण्यात टाळही होता आणि तालही. कानाला हा घोटाळा होत नाही, डोळ्याला होतो. पंडित लोक अक्षराच्या डोक्यावर रेघा आणि पायाशी टिंबे देऊन हे भेद रोमन लिपीतही अचूक दाखवतात. पण ती खूण शिकलेल्यालाच वाचता येते. चुलतबहिणीला काय, पुतण्यालाही ती येत नाही.

आणि आई? तिने चष्मा लावून पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अरे, माझेच बोलणे आहे ना? मग इंग्रजीत कशाला लिहिलेस?" जन्मभर रोज मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या बाईस स्वतःचेच शब्द वाचता येईनात.

पुतण्याची बाजूही अगदीच लंगडी नव्हती. तो म्हणाला, "काका, आजीला देवनागरी सोपी हे खरे. पण न्यू जर्सीच्या मुलांना एक अक्षर येत नाही, त्यांचे काय? आणि आपल्या इथली पोरे गुजराती नाहीतर इंग्रजी शाळेतली." तेव्हा वाद घालण्यापेक्षा परीक्षा घ्यावी असे ठरले. त्याने तीच वाक्ये देवनागरीत लिहिली. मी पडद्याकडे पाठ करून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आवाज बंद ठेवून वाचणाऱ्याने मोठ्याने वाचायचे, आणि मी ऐकेन ते लिहायचे. विद्यार्थ्याला स्वरलेखन वाचायला देऊन त्याचे गाणे ऐकावे, तसाच प्रकार. "समजले का?" असे विचारले तर सगळेच होय म्हणतात, वाचून घेतले की खरे काय ते कळते.

आईने सारे बिनचूक वाचले, फक्त दोन ठिकाणी अडली. एके ठिकाणी तिच्याच पांढऱ्या लुगड्यावर पांढरी अक्षरे आली होती, त्यात "तंबोरा"वरचा अनुस्वार बुडाला आणि "तबोरा" झाला. भातखंडे पद्धतीत स्वराखालचे टिंब पुसले की मंद्रातला स्वर मध्य सप्तकात येतो, त्यातलाच हा प्रकार. देवनागरीचे निम्मे काम शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी चालते, म्हणून अक्षर मोठे हवे, ओळींत अंतर हवे आणि मागे काळी पट्टी हवी. दुसरीकडे आठ शब्दांची ओळ दोनच सेकंद टिकत होती. तिला चार सेकंद लागले, म्हणून आम्ही त्या ओळीच्या दोन केल्या.

मग पुतणीची नऊ वर्षांची मुलगी बसली. ती शाळेत हिंदी शिकते, त्यामुळे तिला देवनागरी येते. ती हळू वाचत होती, पण अडखळली तीनच जागी. ळ हे अक्षर तिच्या हिंदीच्या पुस्तकात नाही. मात्र गुजरातीमुळे तो उच्चार तिच्या जिभेवर होता, म्हणून एकदा सांगताच जमले. "दुसऱ्या"मधला अर्धा र तिला नवा होता. आणि "चार" व "चमचा" यांतले दोन निराळे च लिपी दाखवत नाही. ती उणीव देवनागरीचीही आहे, रोमनचीही. तो भेद घरात मराठी ऐकूनच येतो.

न्यू जर्सीच्या नातवाला देवनागरी ओळ म्हणजे नक्षीच. त्याच्यासाठी रोमन हवीच, हे मी कबूल केले. पुतण्याने प्रथम दोन्ही लिप्या एकाखाली एक घातल्या, तेव्हा डोळा वर जाईल की खाली हेच ठरेना, आणि आईचा चेहरा अर्धा झाकला गेला. भिंतीवरच्या स्थिर चित्राखाली दोन ओळी चालतात, कारण तिथे वाचणारा थांबतो. हलत्या चित्राला एका वेळी एकच लिपी बरी. शेवटी दोन वेगळ्या फिती केल्या. रोमन फितीत नेम असा केला की आ नेहमी aa लिहायचा. आता माळ्यावर म्हणजे maalyaavar आणि मळ्यावर म्हणजे malyaavar. ट-त आणि ळ-ल यांची गफलत उरली, पण ती फीत आवाजासकट पाहायची असल्याने कान ती निस्तरतो.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने ठरवून घेतली. मूळ प्रत देवनागरीची, आणि रोमन तिच्यावरून उतरवायची, उलट कधी नाही. देवनागरीवरून रोमन कोणीही, यंत्रही, करू शकते. malyavar वरून मागे जायचे तर बोलणारे माणूस काय म्हणाले हे आठवणारा कोणी तरी जिवंत असावा लागतो.

हे मी उगाच म्हणत नाही. वडिलांच्या पेटीत त्यांचे चार साथीदारांसह काढलेले एक चित्र आहे. त्याच्या मागे आजोबांच्या हातच्या पाच ओळी आहेत, त्या मोडीत. त्या काळी ती रोजच्या व्यवहाराची सोपी लिपी होती, आणि आजोबांना वाटले असेल की हे कोणीही वाचील. आज घरात ती कोणास येत नाही. मोडीत तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा पाळत नसत, म्हणून जाणत्याने वाचून दिले तरी एका नावाविषयी शंका राहिली. ते चौथे गृहस्थ कोण, हे सांगू शकणारे कोणी आता नाही.

तंबोरा मात्र माळ्यावरून खाली काढला आहे. नव्या तारा चढवून झाल्या, जवारी तेवढी काढायची आहे.